म्हाळुंग्याची शेड आणि अनंतापर्यंतचं भाडं

माझ्या मामांची म्हाळुंग्यात, चाकण एमआयडीसीच्या कडेला, गावठाणाजवळ दहा गुंठे जागा आहे. त्यावर पाच हजार चौरस फुटांची पत्र्याची शेड आहे. भाडेकरू गाड्यांना लागणारे लोखंडी ब्रॅकेट दाबून देणारा एक छोटा व्हेंडर. शेडच्या मागे ज्वारीचा तुकडा होता तेव्हापासून मी ती जागा पाहते आहे. दीड-दोन वर्षांपूर्वी एका एजंटाने मामांना जागेसह शेडचे पावणेतीन कोटी देऊ केले आणि मामांचा फोन आला. मी निगडीला राहते आणि पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवते, म्हणून असे हिशेब माझ्याकडे येतात. शेतीचा हिशेब मामा मला कधी विचारत नाहीत, तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो.

"भाडं किती येतं हातात?" मी विचारलं. घरपट्टी, पत्र्याची डागडुजी, दोन भाडेकरूंच्या मधले रिकामे महिने, एजंटाची दलाली, सगळं वजा जाता सरासरी महिन्याला एक लाख, वर्षाला बारा लाख. आणि किती वर्षं येईल? मामा हसले. "अगं, जमीन हाय तोवर भाडं हाय. जमीन कुठं पळून जातीय?"

या एका वाक्यात प्रश्न संपूर्ण मांडलेला होता. कधीच न थांबणारं उत्पन्न, आणि त्याची आजची एकरकमी किंमत किती? दुसऱ्या सत्रात अनुचित संकलन शिकवताना मी हेच करते, फक्त तिथे शेड नसते.

मांडणी सोपी आहे. भाडं महिन्याला येतं, पण ते नळाच्या धारेसारखं सतत वाहतंय असं समजायचं. वर्षाला R रुपये या वेगाने. आजपासून t वर्षांनी, dt एवढ्या छोट्याशा वेळात R dt रुपये येतात. आजचा एक रुपया चक्रवाढीने t वर्षांत e^(rt) होतो, म्हणून तेव्हाच्या रुपयाची आजची किंमत e^(−rt). दोन्ही गुणायचे आणि सगळ्या काळावर बेरीज करायची:

∫₀^∞ R e^(−rt) dt = lim (T→∞) (R/r)(1 − e^(−rT)) = R/r

मधला टप्पा मुलं हमखास गाळतात. वरची मर्यादा म्हणून सरळ अनंत ठेवून देतात आणि उत्तर बरोबर येतं, त्यामुळे त्यांना माझा राग समजत नाही. पण अनंत ही किंमत म्हणून घालायची गोष्ट नाही. आधी T वर्षांपर्यंतची बेरीज करायची, मग T वाढवत नेल्यावर ती कुठे स्थिरावते का ते बघायचं. स्थिरावते हे आपोआप मिळत नाही, हे मामांनीच मला त्या दिवशी दाखवून दिलं.

त्यांचा हिशेब सरळ व्याजाचा. गावात उसनवारी शेकडा महिन्यावर चालते, व्याजावर व्याज कुणी धरत नाही. त्या पद्धतीने t वर्षांनंतरच्या रुपयाची आजची किंमत 1/(1 + rt) होते. वर्षाला आठ टक्के धरून मी कागदावर बेरीज केली. शंभर वर्षांच्या भाड्याची आजची किंमत ३.३० कोटी आली, हजार वर्षांची ६.५९ कोटी. पुढे जाल तितकी वाढतच जाते, कारण या संकलनातून लॉगरिदम बाहेर पडतो आणि लॉगरिदम हळू वाढतो, पण थांबत नाही. म्हणजे सरळ व्याजाच्या जगात मामांच्या शेडला कुठलीही किंमत अपुरीच. चक्रवाढीने तीच शंभर वर्षं १.५६ कोटीच्या किंचित खाली थांबतात आणि हजार वर्षंही १.५६ कोटीवरच. दोन्ही पद्धतींत दूरचा रुपया कमी होत जातो. पण नुसतं कमी होणं पुरत नाही, पुरेशा वेगाने कमी व्हावं लागतं. वर्गात हे समजावताना मी आजवर 1/x आणि e^(−x) या वक्रांची चित्रं काढत होते. आता सावकार आणि बँक काढते.

१.५६ कोटी हा आकडा कुठून आला ते सांगायला हवं, कारण इथेच सहा लाख रुपये सांडतात. बारा लाख भागिले आठ टक्के म्हणजे दीड कोटी, असं कुणीही तोंडी सांगेल. मामांच्या मुलाने, म्हणजे दादानेही तेच सांगितलं. पण बँक आठ टक्के म्हणते तेव्हा ती वर्षाअखेरीस शंभराचे एकशे आठ करते. सूत्रातला r हा क्षणाक्षणाला चढणाऱ्या व्याजाचा दर आहे. वर्षाअखेरीस एकशे आठच व्हायचे असतील, तर e^r = 1.08, म्हणून r = ln 1.08, साधारण ०.०७७. बारा लाखाला त्याने भागलं की १५५.९ लाख येतात.

दादा चाकणच्याच एका कारखान्यात क्वालिटीला आहे, मोजमाप दुसऱ्या गेजने तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने एक्सेलमध्ये महिनामहिना मांडून पाहिलं. भाडं महिनाअखेरीस मिळत असेल तर बेरीज १५५.४ लाख, महिन्याच्या सुरुवातीला मिळत असेल तर १५६.४ लाख. दोन्हींत बरोबर एका भाड्याचा फरक, आणि आमचं सतत वाहणारं भाडं जवळजवळ मध्यावर. अशी पडताळणी कुणीही करून पाहावी. संकलनाचं उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये बसलं नाही, तर दर चुकीचा घातला आहे. दीड कोटी मध्ये बसत नाही.

आठच टक्के का, हा खरा वादाचा मुद्दा होता आणि त्याला गणितात उत्तर नाही. मामांचे पैसे दुसरीकडे ठेवले तर किती मिळेल, तो दर. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तेव्हा ८.२ टक्के मिळत होते, पण तिथे एका माणसाला तीस लाखांच्या वर ठेवता येत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेची ठेव सात टक्क्यांच्या आसपास. गावातली पतसंस्था जास्त देते, पण मामी तिचं नावही काढू देत नाही. आम्ही आठ धरले. सात धरले असते तर १.७७ कोटी, नऊ धरले असते तर १.३९ कोटी. आणि हा दर जगाच्या अंतापर्यंत बदलणार नाही असं सूत्र गृहीत धरतं, हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "बँक तर तीन महिन्यांत बदलतीय."

मग मामांनी शेजारचा विषय काढला. त्यांच्या कुंपणापलीकडचा प्लॉट एमआयडीसीचा, पंच्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याचा. "त्याची काय किंमत? कधीतरी जाणारच तो. आपली मालकीची." अनंत आणि पंच्याण्णव यांत फरक किती? पंच्याण्णव वर्षांनंतरच्या सगळ्या भाड्याची, म्हणजे उरलेल्या अख्ख्या अनंताची आजची किंमत (R/r) e^(−95r). ती निघाली सुमारे दहा हजार रुपये. १.५६ कोटीमधले दहा हजार! आमच्या शेडच्या पाण्याच्या टाकीचा खर्चही त्यात निघत नाही. उलट पहिल्या नऊ वर्षांत निम्मी किंमत वसूल होते, पुढच्या नऊ वर्षांत उरलेल्याची निम्मी. आमचं निगडीतलं घर प्राधिकरणाच्या नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यावरच्या जमिनीवर आहे आणि सोसायटीच्या प्रत्येक सभेत मालकी हक्काचा विषय निघतो. त्या रात्री मी आमच्या उरलेल्या वर्षांचाही हिशेब केला. नुसत्या मुदतीपोटी तो वाद इतका तापायचं कारण नव्हतं. पट्ट्याच्या जमिनीवर खरा त्रास होतो तो विकताना लागणाऱ्या परवानगीचा आणि हस्तांतरण शुल्काचा, आणि तो पंच्याण्णव किंवा नव्व्याण्णव वर्षांनी होत नाही, विकाल त्या दिवशी होतो.

इथपर्यंत ऐकून मामा खूश दिसले. १.५६ कोटीची गोष्ट, आणि मिळतायत पावणेतीन. द्या विकून! पण मी एक गोष्ट अजून धरली नव्हती. चाकणमध्ये भाडं स्थिर नसतं. मामांच्या करारात दर तीन वर्षांनी पंधरा टक्के वाढ होती.

भाडं g या दराने सतत वाढत असेल तर संकलन ∫₀^∞ R e^(gt) e^(−rt) dt होतं आणि उत्तर R/(r − g). एजंट म्हणत होता, तीन वर्षांत पंधरा म्हणजे वर्षाला पाच. पाच टक्क्यांनी r − g जेमतेम ०.०२८ उरतो आणि किंमत ४.२६ कोटी येते. पण वर्षाला पाच टक्के चढत गेले तर तीन वर्षांत पंधरा होत नाहीत, पावणेसोळाच्या वर जातात. उलट्या बाजूने पाहिलं तर तीन वर्षांत पंधरा म्हणजे वर्षाला ४.७७ टक्के. त्याने किंमत ३.९५ कोटीवर येते. शिवाय वाढ सतत होत नाही. छत्तीस महिने भाडं जागचं हलत नाही, मग एकदम उडी मारतं. प्रत्येक तीन वर्षांचा तुकडा वेगळा संकलित करून तुकड्यांची भूमितीय श्रेणी जोडली तर ३.६९ कोटी. एकच करार, एकच दर, आणि ४.२६ पासून ३.६९ पर्यंत सत्तावन्न लाखांचा फरक, तोही फक्त "वर्षाला पाचच म्हणा की" या एका वाक्यामुळे आणि वाढ सतत धरल्यामुळे. सतत वाहणाऱ्या भाड्याची कल्पना महिन्यांच्या बाबतीत चालून गेली होती, पण तीन वर्षांच्या पायरीच्या बाबतीत ती चालत नाही. पायरी जितकी लांब, तितकी ही सोय महागात पडते.

वाढ धरल्यावर अनंताची शेपटीही जड होते. पंच्याण्णव वर्षांनंतरचा हिस्सा आता साडेपाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वीस लाखांच्या वर. मामांची मालकी आता कुठे कागदावर दिसायला लागली.

एजंटाला हे कळलं तसा तो उलट्या बाजूने बोलायला लागला. म्हणे, इथल्या जागा वर्षाला दहा टक्क्यांनी वाढतात. मी दहा टक्के घालून पाहिले. g हा r पेक्षा मोठा झाला की घातांक धन होतो, दूरचा प्रत्येक रुपया जवळच्यापेक्षा महाग ठरतो आणि संकलन फुटतं. मुलांना इथे R/(r − g) मध्ये आकडे घालून ऋण किंमत काढण्याचा मोह होतो. उत्तर उणे साडेसहा कोटी वगैरे येतं आणि त्यांना काही वाटत नाही. खरं तर तिथे मर्यादाच नाही, त्यामुळे ते सूत्रच तिथे लागू नाही. याचा अर्थ शेड अमूल्य आहे असा होत नाही. एवढाच होतो की दहा टक्के वाढ आणि आठ टक्के व्याज ही जोडी कायमची टिकणं शक्य नाही, म्हणून ती अनंतावर ताणायची नाही. धोक्याची खूण त्याआधीच मिळते. g एका टक्क्याने हलवून बघायचं. सतत वाढीच्या सूत्रात चार टक्क्यांना ३.१८ कोटी, पाचाला ४.२६, सहाला ६.४२. एका टक्क्याच्या अंदाजावर एक-दोन कोटी झुलत असतील तर त्या उत्तरावर जमीन विकायची नाही, घ्यायचीही नाही.

दादाचं म्हणणं वेगळं होतं. तो रोज कारखान्यात असतो. त्याचा प्रश्न, भाडं येणंच बंद झालं तर? रस्ता रुंदीकरणात निम्मी शेड गेली, किंवा हा व्हेंडर ज्या गाड्यांचे ब्रॅकेट करतो त्या बंद होऊन सगळं काम दुसऱ्या पट्ट्यात गेलं तर? मला त्याचा प्रश्न आवडला, कारण तो सूत्रात सहज बसतो. दरवर्षी उत्पन्न कायमचं थांबण्याची शक्यता λ असेल, तर t वर्षांनी ते चालू असण्याची शक्यता e^(−λt). ती आत गुणली की r च्या जागी r + λ येतो, बाकी काही बदलत नाही. धोका हा जणू जास्तीचा व्याजदर होऊन बसतो.

मग आम्ही हिशेब उलटा फिरवला. पायऱ्यांच्या भाड्याची किंमत बरोबर पावणेतीन कोटी येण्यासाठी λ किती लागतो? उत्तर आलं वर्षाला साधारण एक टक्का. म्हणजे ही शेड दरवर्षी शंभरात एका शक्यतेने कायमची निरुपयोगी होईल असं मानणाऱ्या माणसासाठी ३.६९ कोटी आणि २.७५ कोटी एकच. आता वाद सूत्राचा राहिला नाही. मामांना विचारलं, शंभरात एक जास्त वाटतं की कमी? मामांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आजूबाजूला काय काय बंद पडलं ते बोटांवर मोजलं. कारखाने बरेच निघाले. जागा मात्र एकही रिकामी पडून राहिलेली त्यांना आठवेना, दुसरा कुणीतरी येऊन बसलाच. दादा म्हणाला, तीस वर्षांवरून शंभराचं सांगता येत नाही. त्याचंही खोटं नव्हतं. विकून येणाऱ्या पैशावर भांडवली नफ्याचा कर बसणार होता, तो भाड्याच्या बाजूला नव्हता. शेवटी मामांनी विकलं नाही. एजंट अजून फोन करतो.

पुढे यंदा करार संपला. पाच वर्षांचा नवा करार करताना भाडेकरूने सुचवलं की तीन वर्षांनी पंधरा नको, दरवर्षी साडेचार टक्के करू. एकदम उडी त्याला जड जात होती. मामांनी फोन केला. मी लगेच कागद घेतला आणि जुन्याच पद्धतीने अनंतापर्यंत मोजलं. दरवर्षी साडेचारच्या पायऱ्यांना ३.५६ कोटी, तीन वर्षांनी पंधराला ३.६९. मी सांगितलं, "मामा, तेरा लाखांचं नुकसान आहे. निदान ४.६२ टक्के तरी मागा, तेव्हा बरोबरी होते. सरळ पाचच म्हणा."

मामा थोडं थांबले. म्हणाले, "करार किती वर्षांचा?"

"पाच."

"मग पाचच वर्षांचं मोज की."

मोजलं. साडेचार टक्क्यांनी पाच वर्षांत हातात येणारी रक्कम ६५.६५ लाख, पंधराच्या उडीने ६३.६ लाख. आजच्या किमतीत मोजलं तरी साडेचार टक्केच दीड लाखाहून जास्तीने पुढे. उडीची पहिली तीन वर्षं कोरडी जातात, आणि करार संपताना दुसरी उडी अजून एक वर्ष लांब असते. त्या वेळी साडेचारवाल्याचं भाडं वरच असतं, आणि नव्या कराराची बोलणी तिथून सुरू होतात. अनंतापर्यंत जिंकणारी अट पहिल्या पाच वर्षांत हरत होती, आणि त्या पाचांपलीकडे तीच अट राहील असं कुणी कुणाला लिहून दिलेलं नव्हतं. मी वरच्या मर्यादेला अनंत लिहिलं होतं, करारात साठ महिने लिहिले होते.

मामांनी साडेचारला हो म्हटलं आणि बदल्यात डिपॉझिट दोन महिन्यांनी वाढवून घेतलं. ते त्यांनी मला विचारून केलं नाही.